क्लिप नको तिथे कापली जायची, ते असं थांबवलं

आमच्या रेसिपी चॅनेलच्या लांब व्हिडिओंमधून लहान क्लिप आपोआप काढायला मी साधा नियम लावला होता: प्रेक्षक ५० टक्क्यांच्या खाली गेले की क्लिप संपव. त्यामुळे पुरणपोळी लाटतानाचा भाग, जो लोक मागे जाऊन पुन्हा बघतात, तोच गळायचा. त्या २० मिनिटांच्या व्हिडिओत तो भाग येईपर्यंत प्रेक्षकांचा आलेख ५० च्या खालीच असायचा.

यूट्यूब अ‍ॅनालिटिक्स एपीआय `audienceWatchRatio` चे, म्हणजे त्या-त्या जागी व्हिडिओ बघणाऱ्यांच्या प्रमाणाचे, १०० बिंदू देते, व्हिडिओ कितीही लांब असो. म्हणजे इथे एक बिंदू १२ सेकंदांचा. पाचव्या मिनिटाला आकडा ०.४४ होता, पुढच्या बिंदूला ०.४९. ही चढण म्हणजे लोक तो भाग पुन्हा बघतात किंवा थेट तिथे उडी मारतात. ५:४८ ला ०.४८ आणि लगेच ०.४३.

म्हणून आता किती प्रेक्षक उरले हे न बघता आधीच्या बिंदूपेक्षा किती घसरले ते बघतो:

```
if r[i] / r[i-1] < 0.95: end = i - 1
```

चढणीपाशी सुरुवात, घसरणीआधी शेवट. क्लिप ५:०० ते ५:४८, पोळी तव्यावर पडेपर्यंत अख्खी.

सुरुवातीची ३० सेकंदं नियमातून वगळली, कारण तिथे घसरण प्रत्येक व्हिडिओत असतेच. आणि १२ सेकंदांहून बारीक जागा आलेख सांगत नाही. त्यामुळे नेमका काप सबटायटलमधल्या जवळच्या वाक्याच्या शेवटी सरकवतो. कमी व्ह्यूज असलेल्या व्हिडिओवर मात्र हा नियम मी चालवतच नाही. तिथे दोन-चार जणांनी व्हिडिओ पुढे ढकलला तरी आलेख हलतो.