रातपाळीचे तास काढायला बसण्याआधी

जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर जोरात येतो आणि रातपाळी सुरू होते. परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये हजेरी आणि पगाराचा हिशोब माझ्याकडे आहे. गेल्या हंगामात एका आठवड्याच्या हिशोबात मी अकरा माणसांचे तास चुकवले. त्यातल्या एकाही माणसाची चूक नव्हती. म्हणून या वेळी बसण्याआधी काय काय हाताशी हवं आणि काय तपासायचं, ते लिहून ठेवते आहे. तुमच्याकडे दालमिल असो, स्टीलची भट्टी असो, पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर हे सगळं तसंच लागू पडेल.

हजेरी वही, पेन, दराची यादी, उचलीची वही. हे सांगायला नको.

पहिलं महत्त्वाचं काम म्हणजे वहीतल्या वेळा चोवीस तासांच्या घड्याळात करून घेणं. आपल्याकडे मुकादम "१२:१५ ते १२:४५" असं लिहितो आणि त्याला रात्रीचे सव्वाबारा म्हणायचं असतं. कॉम्प्युटर १२:१५ म्हणजे भरदुपार समजतो. रात्रीचे सव्वाबारा ००:१५ असेच लिहायचे. मुकादमाला हे एकदा समजावून सांगितलं की तो तसं लिहितो, पण पहिले दोन आठवडे प्रत्येक पान स्वतः बघावं लागतं.

दुसरं, कोणती सुट्टी बिनपगारी आहे ते आधीच कागदावर ठरवून घ्या. आमच्याकडे जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी कापली जाते, चहाची दहा मिनिटं कापली जात नाहीत. लाईट गेली आणि माणूस प्रेसजवळच थांबून राहिला, तर ती सुट्टी नव्हे. त्याला जेवायला किंवा बाहेर जायला मोकळीक नव्हती, मग त्याचा वेळ कापायचा कशाला? आणि सुट्टी प्रत्यक्ष जितकी झाली तितकीच लिहायची. तक्त्यावर अर्धा तास आहे म्हणून डोळे झाकून अर्धा तास वजा करू नका. ज्या रात्री माल जास्त असतो त्या रात्री माणसं वीस मिनिटांत भाकरी खाऊन परत येतात. ती दहा मिनिटं त्यांची आहेत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सुट्टीसुद्धा मध्यरात्र ओलांडते. पाळी ओलांडते हे सगळ्यांच्या लक्षात असतं. सुट्टी ओलांडते हे माझ्या लक्षात नव्हतं.

झालं असं. पाळी रात्री २०:०० ते पहाटे ०४:३०, सोमवार ते शनिवार अशा सहा रात्री. जेवण रोज ००:३० ते ०१:०० असं. बुधवारी प्रेसमध्ये बिघाड झाला, म्हणून मुकादमानं त्या टोळीला लवकर जेवायला सोडलं, २३:४५ ते ००:१५. बाकीचे पाच दिवस सुट्टी पूर्णपणे मध्यरात्रीनंतर होती, म्हणून साधी वजाबाकी बरोबर येत होती. फक्त त्या एका रात्री सुट्टीचा एक पाय बुधवारात आणि दुसरा गुरुवारात होता.

मी शीटमध्ये हे सूत्र टाकलं होतं. B मध्ये येण्याची वेळ, C मध्ये जाण्याची, D आणि E मध्ये सुट्टीची सुरुवात आणि शेवट:

```
=MOD(C2-B2,1)-(E2-D2)
```

MOD चं काम इतकंच, की जाण्याची वेळ येण्याच्या वेळेपेक्षा लहान दिसली तर एक दिवस मिळवून घ्यायचा. पाळीला मी ते लावलं. सुट्टीला लावलं नाही. बुधवारी ००:१५ मधून २३:४५ वजा झाले, म्हणजे उणे साडेतेवीस तास. ते पुन्हा वजा झाले, म्हणजे मिळवले गेले. साडेआठ आणि साडेतेवीस मिळून त्या रात्रीचे बत्तीस तास.

आणि ते मला दिसले का? नाही. हीच यातली वाईट गोष्ट आहे. त्या रकान्याचं फॉरमॅट h:mm होतं. या फॉरमॅटमध्ये चोवीस तास भरले की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. बत्तीस तासांचे तिथे ८:०० दिसतात. खरं उत्तरही ८:०० च. चूक बरोबर एका दिवसाची होती, म्हणून डोळ्यांना ती अजिबात दिसली नाही. मी ती ओळ दोनदा तपासली होती आणि दोन्ही वेळा बरोबर म्हणून पुढे गेले.

पैशाच्या रकान्यात मात्र शीटनं खरे बत्तीस तास घेतले. हिशोबासाठी दर ताशी ७० रुपये धरा. आठ तासांचे ५६० व्हायला हवेत, त्या रात्रीचे झाले २२४०. आठवड्याचे ४८ तासांचे ३३६० ऐवजी ५०४०. उचल वजा होऊन प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, म्हणून पाकिटं भरताना कुणालाच काही वाटलं नाही. एका माणसामागे १६८० जास्त, अकरा जणांचे १८,४८०. पुढच्या आठवड्यात ते कापायची वेळ आली तेव्हा त्यातले एक मामा मला म्हणाले, "ताई, मी तर दुकानाची उधारी फेडली की त्यात. आता कुठून देऊ?" त्यांना मी काय उत्तर देणार होते? शेवटी मालकांना सांगून चार हप्त्यांत कापले. तरी त्या घरांनी महिनाभर ओढाताण केली, ती माझ्या एका सूत्रामुळे.

म्हणून बरोबर सूत्र हे:

```
=MOD(C2-B2,1)-MOD(E2-D2,1)
```

दोन्हीकडे MOD. पाळीलाही आणि सुट्टीलाही. दुसरी सुट्टी असेल तर तिलाही. एकाच ओळीवर सूत्र तपासून समाधान मानू नका. कारण आणखी एक गंमत नसलेली गोष्ट सांगते: दोन्हीकडचं MOD विसरलं आणि सुट्टी मध्यरात्र ओलांडणारी असली, तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर आठ तास येतं. तपासायला नेमकी तीच ओळ घेतली तर चुकीचं सूत्र पास होतं. निदान तीन ओळी घ्या: सुट्टी मध्यरात्रीच्या आधी, सुट्टी मध्यरात्रीनंतर, आणि सुट्टी मध्यरात्रीवर.

MOD लाही मर्यादा आहे. सुट्टीची सुरुवात लिहिली आणि शेवट रिकामा राहिला, तर रिकामी जागा ००:०० धरली जाते. २३:४५ लिहून पुढचं घर रिकामं सोडलं तर शीट पंधरा मिनिटांची सुट्टी कापून गप्प बसतं. खरी सुट्टी अर्ध्या तासाची होती हे त्याला कळायचा मार्गच नाही. सुट्टीची दोन्ही घरं भरलेली हवीत किंवा दोन्ही रिकामी. एक भरलेलं, एक रिकामं अशी ओळ दिसली की मुकादमाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वेळेसोबत तारीखही टाकता येत असेल तर सर्वात उत्तम, मग MOD ची गरजच नाही, साधी वजाबाकी चालते. पण मग सुट्टीच्या वेळेलाही तारीख टाका. सुट्टीच्या वेळेलाही. फक्त येण्याजाण्याला टाकली आणि सुट्टीला नाही, तर आपण पुन्हा त्याच बुधवारात येऊन उभे राहतो.

कागदावर पडताळा घ्यायची सोपी रीत माझ्या आधीच्या मुनीमकाकांची आहे. मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक वेळेत २४ मिळवायचे. ०४:३० चे २८:३०, ००:१५ चे २४:१५. मग २८:३० मधून २०:०० गेले, ८:३० उरले. २४:१५ मधून २३:४५ गेले, ०:३०. उरले आठ. किंवा रात्र बारा वाजता तोडा: आधीच्या चार तासांतून पंधरा मिनिटं गेली, ३:४५. नंतरच्या साडेचार तासांतून पंधरा मिनिटं गेली, ४:१५. बेरीज आठ. मध्यरात्रीवर सुट्टी आलेली प्रत्येक ओळ या रीतीनं हातानं करा. आठवड्यात अशा फार ओळी नसतात.

बेरजेच्या घराचं फॉरमॅट [h]:mm ठेवा, तो चौकटी कंस फार महत्त्वाचा. कंस नसेल तर ४८ तासांची बेरीज ०:०० दिसते. आता मी रोजच्या तासांच्या रकान्यालाही हेच फॉरमॅट लावते, म्हणजे बत्तीस असतील तर बत्तीसच दिसतील. आणि शेजारी एका घरात सर्वात मोठा आकडा काढून ठेवते. रोजचे तास F मध्ये आहेत, आणि अकरा माणसं आणि सहा रात्री म्हणजे ६६ ओळी, म्हणून:

```
=MAX(F2:F67)*24
```

शीट एका पूर्ण दिवसाला १ धरतं, म्हणून तास मिळवायला गुणिले २४. या घराला नंबर फॉरमॅट द्यायचं. साडेआठ तासांच्या पाळीत इथे ८.५ च्या वर आकडा आला, तर पाकिटं बाजूला ठेवा आणि ती ओळ शोधा. रकाना रुंद करूनही नुसते #### दिसले तर उत्तर उणे आलं आहे. ते बहुतेक वेळा दुपारचे १२ लिहिल्यानं होतं.

शीटमध्ये पैसे काढताना तास गुणिले २४ गुणिले दर. हातानं करत असाल तर मिनिटांना ६० नं भागा. सात तास पंचेचाळीस मिनिटं म्हणजे ७.७५, ७.४५ नव्हे. सत्तरच्या दरानं तेवढ्यातच माणसाचे एकवीस रुपये जातात, आणि रोज जातात. रोजचे तास गोल करू नका, करायचेच तर शेवटच्या बेरजेला करा.

महिनाअखेर. ३१ तारखेच्या रात्री सुरू झालेली पाळी पूर्ण ३१ लाच लिहायची. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ५७ नं मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे असं घालून दिलं होतं, आम्हीही तसंच धरतो. नाहीतर तीच पहाट दोन पानांवर येते किंवा कुठेच येत नाही.

मग उचल वजा, पावती, सही किंवा अंगठा. पाकिटं बाजाराच्या आदल्या संध्याकाळी भरायची, सकाळी घाईत नाही. आणि भरण्याआधी वहीत २३ नं सुरू होऊन ०० नं संपणारी जी जी सुट्टी असेल तिच्याभोवती लाल पेनानं गोल करायचा, आणि त्या ओळीचे तास पुन्हा एकदा बोटांवर मोजायचे.