विमानाने अस्थी नेताना या चुका टाळा: आधी कागद, मग तिकीट

गेल्या वर्षी मावशी गेली. राहायला सदाशिव पेठेत, पण शेवटचे आठ दिवस चिंचवडच्या एका रुग्णालयात काढले, कारण मुलगा तिकडे राहतो. अंत्यसंस्कार पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत झाले. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या. हरिद्वारला नेऊन गंगेत सोडाव्यात ही तिची इच्छा होती आणि दहाव्याला मुलगा पुण्यात ओंकारेश्वरावर हजर हवा होता. म्हणजे मधल्या पाच-सहा दिवसांत पुणे, दिल्ली, डेहराडून आणि परत. मावसभावाने सावडून आल्या आल्या तिकीट काढलं. पहिली चूक तीच. तिकिटाला दोन मिनिटं लागतात, दाखल्याला दिवस लागतात.

दाखला कुठला, हे आधी ठरवा

देशांतर्गत विमानात अस्थी न्यायच्या तर विमान कंपन्या साधारणपणे दोन कागद मागतात: मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला. दहनाचा कागद स्मशानभूमीतून मिळतो, तो त्याच दिवशी मागून घ्यावा. गर्दीत कोणीतरी पावती खिशात टाकतं आणि मग ती सापडत नाही. ते काम एकाच माणसाकडे द्या.

मृत्यूच्या दाखल्यात पुणेकर हमखास फसतात. मृत्यूची नोंद राहत्या घराच्या किंवा दहनाच्या ठिकाणी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. पुण्यात एका रस्त्याच्या अंतराने हद्द बदलते: पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, आणि पुणे व खडकीची कॅन्टोन्मेंट बोर्डं. मावसभाऊ घराजवळच्या कार्यालयात गेला, कारण घर तिथलं आणि वैकुंठही पुण्याचंच. तिथे नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता, नोंद पिंपरी-चिंचवडकडे जाणार होती. त्यात एक दिवस गेला.

रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंदणीची माहिती रुग्णालय पाठवतं. मात्र ती कधी पाठवली, हे आपणच विचारायचं. कायद्याने 21 दिवसांची मुदत आहे, त्यामुळे रुग्णालयाला घाई नसते. घाई तुम्हाला आहे. बिलाच्या खिडकीवर नव्हे, वैद्यकीय नोंदी सांभाळणाऱ्या विभागात जाऊन ‘नोंद पाठवली का’ हे विचारा. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र जपा, नोंद त्यावरच पुढे सरकते.

दाखला प्रवासाआधी हातात पडणार नाही असं दिसलं, तर रुग्णालयाचा कागद आणि दहनाची पावती एवढ्यावर चालेल का, हे कंपनीला लेखी विचारा. ‘चालवून घेतील’ या भरवशावर लोहगाव विमानतळावर पोचू नका. उत्तर नाही आलं तर दिवसकार्य उरकून मग जाणं बरं. आमच्याकडे मडकं घरात आणत नाहीत, गॅलरीत टांगून ठेवतात. तिथे ते आणखी आठ दिवस राहिलं म्हणून काही बिघडत नाही.

नाव एकच हवं

मावशीचं आधारवरचं नाव कुसुम. स्मशानभूमीत भाच्याने सांगितलं, ‘कुसुमताई’. पावतीवर तेच उतरलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण काउंटरवरच्या माणसापुढे दोन कागदांवर दोन नावं असतात. रुग्णालयात आणि स्मशानभूमीत नाव तोंडी सांगूच नका, आधारची झेरॉक्स पुढे करा आणि लिहिलेलं वाचून घ्या. माहेरचं नाव, लाडाचं नाव, वडिलांऐवजी नवऱ्याचं नाव, सगळे घोळ तिथेच होतात. पावती तिथल्या तिथे दुरुस्त होऊ शकते. एकदा नोंदवहीत चढलेलं नाव बदलायला मात्र अर्ज आणि पुरावे लागतात.

फोनवर काय विचारता, त्यावर उत्तर ठरतं

मावसभावाने विमान कंपनीला फोन करून ‘ह्यूमन रिमेन्स’ न्यायचे आहेत असं सांगितलं. पलीकडच्या मुलीने त्याला कार्गो विभाग, शवपेटी आणि एम्बाल्मिंगचा दाखला ऐकवला. तो घाबरलाच. तिची चूक नव्हती, त्या शब्दाचा तिथे अर्थ मृतदेह. ‘दहनानंतरच्या अस्थी, अ‍ॅशेस, हँड बॅगेजमध्ये’ असं सांगितल्यावर पाच मिनिटांत काम झालं.

तोंडी होकारावर थांबू नका. पीएनआर क्रमांकावर तशी नोंद करून घ्या आणि ईमेलने पुष्टी मागा. मेलमध्ये पीएनआर, मृत व्यक्तीचं नाव, तुमचं नाव आणि नातं, भांडं कशाचं आहे, आणि सोबत दोन्ही दाखल्यांच्या प्रती एवढं पुरतं. दिल्लीहून पुढचं विमान वेगळ्या कंपनीचं असेल, तर परवानगीही वेगळी घ्यावी लागते. दिल्लीत टर्मिनल बदलावं लागलं तर सुरक्षा तपासणीही पुन्हा होते. म्हणून मूळ कागद चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकू नका. अस्थीही नकोत, बॅग दुसऱ्याच शहरात उतरली तर काय करणार?

वेब चेक-इन केलं असलं तरी पुण्यात आधी काउंटरवर जा. कागद तिथे दाखवून ‘अस्थी आहेत, परवानगी आहे’ हे सांगून मगच तपासणीकडे वळा.

तांब्याचा कलश घरीच

एक्स-रेमध्ये जाड धातूचं भांडं काळा डाग दिसतं, आत काय आहे ते कळत नाही. मग उघडायला सांगतात. लाल फडक्याची गाठ, वर मेण, आत दूध शिंपडलेल्या अस्थी, आणि मागे रांग. मातीच्या मडक्यातून क्ष-किरण जातात, पण ते फुटतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. अस्थी दुधा-पाण्याने धुतल्यावर वर्तमानपत्रावर सावलीत पूर्ण वाळू दिल्या. ओल्या बांधल्या की वास येतो आणि पाणी झिरपतं. मग स्वच्छ सुती पिशवीत, ती झिपच्या पिशवीत आणि ती फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत. बरणीवर नाव आणि प्रतींचा एक संच. सगळी राख नेण्याची गरज नाही, थोड्या अस्थी नेतात आणि बाकीचं इथेच विसर्जित करतात. आख्खी राख दोन-तीन किलो भरते आणि केबिनच्या वजनात धरली जाते. तांब्याचा रिकामा कलश मोठ्या बॅगेत गेला, हर की पौडीवर त्यात अस्थी काढल्या.

पूजेची पिशवी मात्र वेगळी तपासा. काडेपेटी आणि कापूर ज्वलनशील म्हणून चालत नाहीत. नारळही केबिनमध्ये अडवतात, कारण वाळलेल्या खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं. 2024 च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या यात्रेकरूंना नारळासाठी ठरावीक मुदतीची सूट दिली होती, त्यावरून नियम किती पक्का आहे ते लक्षात येईल. अस्थींना कोणी हात लावला नाही, पण आमचा नारळ लोहगावलाच राहिला. हरिद्वारात घाटावर हे सगळं मिळतं.

येताना गंगाजलाचा कॅन चेक-इनच्या बॅगेत टाका, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून. आमच्या बॅगेत तो झिरपला आणि भावाच्या दहाव्याच्या धोतराला पुण्याला पोचेपर्यंत गंगास्नान घडलं.