बिलिंगचा लॅपटॉप बंद पडला तेव्हा

ऐन गर्दीत दुकानातला बिलिंगचा जुना लॅपटॉप बंद पडला. दुसरा चार्जर लावूनही दिवा लागेना, तेव्हा दोष मदरबोर्डचा असून हार्ड डिस्क शाबूत असावी, असा अंदाज मी केला. उरलेली बिले हाताने लिहिली. रात्री त्यातील २.५ इंची साटा डिस्क काढून यूएसबी केसमध्ये बसवली आणि दुसऱ्या संगणकावर बिलिंगचे संपूर्ण डेटा फोल्डर उतरवून घेतले. गल्ल्यावरून कधीच न हलणाऱ्या यंत्राला बॅटरी आणि बिजागऱ्या हव्यात कशाला, म्हणून नव्या लॅपटॉपऐवजी एसएसडीचा मिनी पीसी, मॉनिटर आणि छोटा यूपीएस घेतला. सॉफ्टवेअरच्या त्याच आवृत्तीत डेटा उघडून शेवटचा बिलक्रमांक छापील प्रतीशी ताडला आणि मगच हातबिले क्रमाने चढवली.