वॉर्डनला खाजेबद्दल मेसेज करताय? या चुका टाळा

मी मुलांच्या वसतिगृहात बरीच वर्षं रेक्टर होतो. दर पावसाळ्यात एक मेसेज हमखास यायचा: "सर, थोडी स्किन अ‍ॅलर्जी झालीये. रूम बदलून मिळेल का?" एवढंच. कधीपासून, अंगावर कुठे, खोलीत आणखी कुणाला, यातलं काहीच नाही. मग उलट फोन करून मी विचारायचो, तर पोरगा लेक्चरला. असा निम्मा दिवस जायचा.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे 'अ‍ॅलर्जी' हा शब्द. पुरळ दिसलं की मुलं स्वतःच निदान करून मोकळी होतात, आणि निदानही असं निवडतात की ज्याची लाज वाटणार नाही. खरूज म्हणायची लाज वाटते. पण खरूज अस्वच्छपणामुळे होत नाही. ती एका बारीक किड्यामुळे होते. हा किडा कातडीत बीळ करून राहतो आणि अंगाला अंग लागून, एका गादीवर झोपून दुसऱ्याकडे जातो. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही ती होते.

एका वर्षीचं सांगतो. वर दिलाय तसाच मेसेज आला. मी 'अ‍ॅलर्जी' वाचलं आणि जास्त खोलात गेलो नाही. मुलाला झोप लागत नाही म्हणाला, म्हणून दुसऱ्या मजल्यावर तीन मुलांच्या खोलीत एक कॉट रिकामी होती ती दिली. महिनाभराने त्या खोलीतली दोन मुलं रात्री उठून खाजवत बसलेली, आणि त्याच्या जुन्या खोलीतली तिघंही. तेव्हा कुठे कळलं की सुट्टीत गावी धाकट्या भावाला हेच झालं होतं आणि दोघं एकाच अंथरुणावर झोपायचे. हे एक वाक्य मेसेजमध्ये असतं तर मी त्याला कुणाच्या शेजारी झोपवलाच नसता.

महिना का लागला, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. खरूज पहिल्यांदाच होत असेल तर किडा अंगावर आल्यापासून खाज सुटायला दोन ते सहा आठवडे जातात. या काळात माणसाला काहीच होत नसतं, पण तो दुसऱ्याला देत असतो. म्हणून 'मला एकट्यालाच झालंय, बाकी सगळे ठीक आहेत' या वाक्यावर मी विश्वास ठेवणं सोडलं.

यातूनच दुसरी मोठी चूक निघते: फक्त स्वतःसाठी खोली मागणं. तुम्ही वेगळ्या खोलीत गेलात, औषध लावलंत, बरे झालात, आणि परत आपल्या कॉटवर आलात. शेजारच्या मित्राने काहीच केलेलं नाही. पंधरा-वीस दिवसांत खाज परत हजर, आणि आता 'डॉक्टर बोगस आहे' म्हणून ओरड. त्या वर्षी शेवटी आम्ही दोन्ही खोल्यांतल्या सगळ्यांना, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावायला बसवलं. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन ५ टक्केचं मलम दिलं होतं. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, कमरेच्या घड्यांत, कुठलीही जागा न सोडता. रात्रभर ठेवून सकाळी अंघोळ, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. चादरी, टॉवेल, अंगातले कपडे कडक गरम पाण्यात धुतले. जे धुता येत नव्हतं ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवलं, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे तग धरत नाही.

म्हणून मेसेजमध्ये खोलीतल्या बाकीच्यांचा उल्लेख हवाच. याला चुगली समजू नका.

आता माझ्या पद्धतीचा मेसेज. मी नव्या मुलांना हाच लिहून द्यायचो:

"नमस्कार सर. मी (नाव), खोली २०७. दहा दिवसांपासून बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ आहे, आता कमरेभोवतीही पसरलंय. खाज रात्री फार वाढते. ताप नाही. शेजारच्या कॉटवरच्या मित्रालाही परवापासून खाज आहे. आज दुपारी ओपीडीत दाखवतो आणि चिठ्ठीचा फोटो संध्याकाळी पाठवतो. तोपर्यंत सिक रूम किंवा रिकामी खोली मिळेल का? अंथरूण माझं मी आणेन. खोलीतल्या तिघांनाही डॉक्टरांना दाखवायचंय, त्याबद्दल आपण सांगाल तसं करू."

यात एकही शब्द शोभेचा नाही. 'बेचक्यांत' आणि 'रात्री' वाचलं की मला खरजेचा संशय येतो. 'ताप नाही' का? ताप असेल आणि पाण्याचे फोड येत असतील तर कांजिण्यांची शक्यता असते, आणि मग रात्र होण्याची वाटही बघायची नसते. मेसेज नव्हे, फोन करा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत वेगळं राहावं लागतं. खरजेत मात्र पहिलं औषध नीट लावून एक दिवस झाला की बहुतेक वेळा आपल्या खोलीत परत येता येतं. म्हणून 'महिनाभर सिंगल रूम द्या' असं लिहिलंत की वॉर्डनला वाटतं, खाज हे निमित्त आहे. किती दिवस ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सोडा.

गजकर्ण असेल, म्हणजे कडा उठलेला गोल चट्टा, तर सहसा खोली बदलायची गरजच पडत नाही. टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा. अंगावर पित्त उठलं असेल तर ते कुणाला लागत नाही.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब हा माझा जुना राग आहे. डॉक्टरकडे रांग असते, मेडिकलवाला दोन मिनिटांत देतो, म्हणून मुलं तिकडे धावतात. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, आणि आत रोग पसरत राहतो. गजकर्णाची तर गोल कडाच पुसट होते, मग डॉक्टरांनाही पटकन ओळखता येत नाही. लावली असेल तर मेसेजमध्ये लपवू नका, ट्यूबचं नाव लिहा.

फोटो वसतिगृहाच्या ग्रुपवर टाकू नका, वॉर्डनला एकट्याला पाठवा. दिवसाच्या उजेडात काढा. झाकायच्या जागेचा फोटो नकोच, शब्दांत लिहा.

शेवटची चूक उपचारानंतरची. तिसऱ्या दिवशी मेसेज येतो, "सर, औषध लागू पडलं नाही, खाज आहेच." मग तेच मलम रोज चोळलं जातं आणि कातडी भाजल्यासारखी होते. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. बघायचं ते नवीन पुरळ. सातव्या दिवशी मला एवढंच कळवा: नवीन पुरळ आलं की नाही, दुसऱ्यांदा मलम कधी लावणार, आणि खोलीतल्या तिघांनी लावलं का.