प्री-ईएमआय: स्लॅब पडण्याआधी व्याज सुरू होऊ देऊ नका

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटसाठी बँक सगळं कर्ज एकदम देत नाही. प्लिंथ, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब असे टप्पे होतात तसतसे पैसे बिल्डरकडे जातात. तोवर आपण भरतो ते फक्त दिलेल्या रकमेवरचं व्याज, म्हणजे प्री-ईएमआय. यातून मुद्दल एक रुपयानंही कमी होत नाही. दोन वर्षं भरूनही बँकेच्या स्टेटमेंटवर मुद्दल तेवढंच दिसतं आणि मग लोक चिडून शाखेत जातात.

समजा गोव्यात पर्वरीला फ्लॅट घेतला, कर्ज 60 लाख, व्याज 8.5 टक्के. प्लिंथला 12 लाख गेले तेव्हा महिन्याचं व्याज सुमारे 8,500. पुढच्या स्लॅबला आणखी 12 लाख गेले की ते 17,000 होतं. पूर्ण रक्कम गेल्यावर वीस वर्षांचा हप्ता साधारण 52,070 बसेल.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पुढच्या टप्प्याचे पैसे मागणारं बिल्डरचं डिमांड लेटर आलं की ते न वाचता बँकेला पुढे पाठवणं. गोव्यात हे विशेषतः मे महिन्यात घडतं. पावसाआधी स्लॅब टाकणार म्हणून बिल्डर मागणी पाठवतो, 22 मे रोजी बँकेकडून 12 लाख सुटतात. मग पाऊस धरतो, कामगार गावी जातात, आणि स्लॅब पडतो चवथ होऊन गेल्यावर, 22 सप्टेंबरच्या आसपास. चार महिने 12 लाखांवर व्याज चाललं, म्हणजे सुमारे 34,000 रुपये. त्या बदल्यात इमारतीत काहीच वाढलं नाही.

यावर उपाय करारातच असतो. पेमेंट शेड्यूलमध्ये स्लॅबचं काम ‘सुरू झाल्यावर’ लिहिलंय की ‘पूर्ण झाल्यावर’, ते पाहा. सुरू झाल्यावर असेल तर बिल्डर दोन सळ्या उभ्या करूनही मागणी पाठवू शकतो, म्हणून सही करण्याआधीच ते बदलून घ्या. सहीनंतर उरतं ते एवढंच: साइटवर जाऊन तारखेसह फोटो काढा, आर्किटेक्टचं टप्पा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मागा. पैसे सोडण्याची विनंती बँक सहसा तुमच्याकडूनच घेते, तेव्हा टप्पा झाल्याशिवाय ती देऊ नका. मात्र गप्प बसू नका. टप्पा खरंच झाला असेल आणि पैसे थकले तर व्याज तुम्हाला लागेल, म्हणून हरकत लेखी कळवा, ई-मेलनं. तुमचा स्वतःचा वाटाही बहुतेक बँका आधी भरायला लावतात. ते सोयीचंच आहे, कर्ज जितकं उशिरा सुटेल तितकं व्याज कमी.

दुसरी चूक पहिल्या महिन्याच्या आकड्यात असते. 22 मेला सुटलेल्या 12 लाखांवर मे महिन्याचं व्याज दहाच दिवसांचं, म्हणजे सुमारे 2,795. आधीच्या 12 लाखांचे 31 दिवसांचे 8,663 धरून एकूण साधारण 11,460. खात्यातून 17,000 च्या पुढे कापले असतील तर पूर्ण महिना धरला गेलाय. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2024 मध्ये अशाच पद्धतींवर बोट ठेवलं: मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं आणि महिन्याच्या मध्यात रक्कम देऊनही पूर्ण महिन्याचं व्याज घेणं तिला मान्य नाही. जास्तीचे पैसे परत करायलाही सांगितलं आहे. चेकवरची तारीख आणि तो बिल्डरच्या हाती पडल्याची तारीख वेगळी असेल तर तेही तपासा.

काम रखडलं म्हणून प्री-ईएमआय थांबवू नका. तुमचं कर्ज बँकेशी आहे, बिल्डरच्या उशिराशी बँकेला देणंघेणं नाही, आणि थकबाकी तुमच्या सिबिलवर जाते. हप्ते चालू ठेवून भांडण बिल्डरशी करा. रेरा कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही आणि तुम्ही प्रकल्पात राहणार असाल, तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. तक्रार गोवा रेराकडे.

शेवटी कराबद्दल, कारण इथे भ्रम फार आहे. बांधकाम पूर्ण होण्याआधीचं व्याज त्या त्या वर्षी उत्पन्नातून वजा होत नाही. बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षापासून ते पाच समान भागांत घ्यायचं. पण राहत्या घराला जुन्या करपद्धतीत सगळं मिळून मर्यादा 2 लाखांचीच आहे, आणि 60 लाखांच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं चालू व्याजच 5 लाखांच्या आसपास जातं. मर्यादा तिथेच संपते, प्री-ईएमआयच्या पाचव्या भागाला जागाच उरत नाही. नव्या पद्धतीत राहत्या घराला ही वजावटच नाही. ‘प्री-ईएमआयवर टॅक्स वाचेल’ असं विक्री कार्यालयात सांगितलं गेलं तर आपल्या कर्जाचा आकडा घालून हिशेब मागा. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर गणित वेगळं होतं, त्यासाठी दर वर्षीचं व्याज प्रमाणपत्र बँकेकडून तेव्हाच घेऊन ठेवा.