फटाक्यांच्या रंगांवर विज्ञान दिनाचं भाषण: या चुका टाळा

२८ फेब्रुवारी आला की शाळेत कोणीतरी हा विषय घेतंच, फटाक्यांचे रंग आणि त्यामागची केमिस्ट्री. पाचवी ते सातवीच्या मुलांसमोर सहासात मिनिटं बोलायचं म्हणजे विषय एकदम मस्त, पण काही ठिकाणी हमखास गडबड होते.

पहिली गडबड म्हणजे तक्ता. सोडियम पिवळा, स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवा, तांबं निळा, आणि मग स्टेजवर मोरचूद बर्नरवर धरलं की ज्योत येते हिरवी! पुढच्या रांगेतला मुलगा लगेच विचारणार, "सर, तुम्ही तर निळा म्हणालात." इथे बरेच जण मोरचूद जुनं असेल वगैरे सांगून वेळ मारून नेतात. खरं कारण सोपंय. नुसतं तांब्याचं क्षार ज्योतीत गेलं की हिरवाच रंग जास्त दिसतो. निळा देतो तो एक तांब्याचा आणि एक क्लोरिनचा अणू मिळून ज्योतीतच बनणारा कण, म्हणून निळ्या फटाक्यात क्लोरिन देणारा पदार्थ मुद्दाम घालतात, आणि वर हा कण इतका नाजूक की ज्योत जरा जास्त तापली तर तो तुटतो आणि निळा फिका पडतो. आकाशात गडद निळा क्वचित दिसतो तो यामुळेच, आणि माझ्या मते अख्ख्या भाषणातला सगळ्यात भारी भाग हाच आहे, तो लपवायचा कशाला? मोरचूद दाखवायचंच असेल तर आधी सांगा की हिरवं दिसेल आणि का ते मग बोलू, मुलं बरोबर कान टवकारून बसतात.

दुसरी गडबड, सगळंच पिवळं दिसतं. स्ट्रॉन्शियम क्लोराइडमध्ये भिजवलेली काडी धरली आणि लालऐवजी पिवळट नारिंगी आलं तर क्षार खराब आहे असं लगेच ठरवू नका. सोडियमचा पिवळा इतका जोरदार असतो की जरासं मीठही बाकीचे रंग गिळून टाकतं, आणि सोडियम तर नळाच्या पाण्यात आहे, घामट बोटांवर आहे, आधीच्या प्रयोगाच्या ताटलीत आहे. म्हणून आइस्क्रीमच्या काड्या डिस्टिल्ड वॉटरच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवा, प्रत्येक क्षाराला वेगळी वाटी, भिजलेल्या टोकाला हात लावू नका, आणि मिठाची काडी सगळ्यात शेवटी. काडी ज्योतीत चारपाच सेकंदच धरायची, कारण लाकूड पेटलं की लाकडाचाच पिवळा उजेड येतो आणि रंग गेला. मेणबत्तीवर हे जमत नाही, तिची स्वतःचीच ज्योत पिवळी, गॅस बर्नरची निळी ज्योत घ्या.

समजावताना "रंगाची पावडर जळते" असं तर बिलकूल म्हणू नका. उष्णतेने इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, परत खाली येताना तेवढी ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो, आणि प्रत्येक धातूच्या पायऱ्यांची उंची वेगळी म्हणून रंग वेगळा, लहान मुलांना एवढं पुरतं. पण फुलबाजीच्या सोनेरी ठिणग्या यात घुसडू नका. तिथे लोखंडाचा कीस तापून नुसता चमकतोय, लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखा. कमी तापलं की सोनेरी, आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम फार तापतात म्हणून पांढरे लख्ख. म्हणजे फटाक्यात रंग दोन वेगळ्या वाटांनी येतो. आणि हो, विज्ञान दिन रामन परिणामामुळे आहे पण त्याचा फटाक्यांच्या रंगाशी थेट संबंध नाही, तो प्रकाश विखुरण्याचा विषय, ओढून ताणून जोडू नका.

आता सेफ्टी, इथे मात्र थट्टा नाही. बशांमध्ये मिथेनॉल ओतून रंगीत ज्योतींची रांग करायचे व्हिडिओ बघून कोणी ते शाळेत करू नये. ज्योत विझल्यासारखी वाटते, कोणीतरी बाटलीतून अजून ओततं, वाफ पेट घेते, आग बाटलीत शिरते आणि पेटलेलं मिथेनॉल समोर बसलेल्या मुलांवर उडतं. अमेरिकेत शाळांमध्ये मुलं अशीच भाजल्यावर तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २०१४ मध्ये जाहीर इशारा दिला होता. मिथेनॉलची बाटली वर्गात आणूच नका, काड्यांनी तेच रंग दिसतात.

फटाका फोडून आतली दारू काढून दाखवणं हे तर नावसुद्धा काढायचं नाही, घासलं तरी पेटू शकते. बेरियमही वर्गात नको, पाण्यात विरघळणारी त्याची क्षारं विषारी असतात आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये फटाक्यांत बेरियम वापरायला बंदी घातली आहे. हिरवा रंग मोरचूद देतंच आहे की, बेरियमचं नुसतं नाव सांगा. बर्नर शिक्षकांच्याच हातात, पहिली रांग दोन मीटर लांब, डोळ्यांवर गॉगल, बाजूला पाण्याची बादली. वापरलेल्या काड्या त्या बादलीत बुडवूनच कचऱ्यात टाका, टोक विझलेलं दिसतं पण आत धग राहते.