पुण्यातले महिने, जर्मनीतले महिने: दोन देशांच्या नोकरीतून पेन्शनचा हक्क कसा तयार होतो

जर्मनीत तीन-चार वर्षं नोकरी करून भारतात परत निघालेली मंडळी मला हमखास विचारतात, की दर महिन्याला पगारातून पेन्शन विम्यासाठी कापलेले ९.३ टक्के आता बुडाले का? मी स्वतः पुण्यात नोकरी करून इकडे जर्मनीत आले, त्यामुळे हा हिशेब मला माझ्यासाठीही मांडावा लागला. नव्याने येणाऱ्यांनी तो निघताना नाही, येतानाच समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण यातला सगळ्यात मोठा निर्णय बहुतेक जण पुण्यातली नोकरी सोडताना घेऊन मोकळे झालेले असतात.

जर्मनीत नेहमीची म्हातारपणाची पेन्शन मिळायला किमान ६० महिन्यांचा विमा लागतो, आणि १९६४ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती ६७व्या वर्षी सुरू होते. आपल्याकडे ईपीएस म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेत १० वर्षांची सेवा लागते आणि वय ५८. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्याच्यामुळे ही किमान अट पूर्ण झाली का हे बघताना दोन्ही देशांचे महिने एकत्र मोजता येतात. एकाच महिन्यात दोन्हीकडे नोंद असेल तर तो महिना एकदाच धरतात.

इथेच बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. महिने एकत्र होतात ते फक्त हक्कासाठी. पैसे एकत्र होत नाहीत. जर्मनी जर्मनीतल्या महिन्यांचेच पैसे देते, भारत भारतातल्या सेवेचेच. पुण्यातल्या चार वर्षांमुळे जर्मन पेन्शन एका युरोनेही वाढत नाही, पण त्या चार वर्षांशिवाय ती कदाचित सुरूच होणार नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत हे नेमकं दिसलं. पुण्यात ५४ महिने ईपीएसची सेवा, मग जर्मनीत ३८ महिने नोकरी. नुसत्या ३८ महिन्यांवर जर्मन पेन्शन नाही. ५४ मिळवले की ९२ होतात, म्हणजे ६०ची अट पार होते. आता रक्कम. जर्मनीत वर्षभर देशाच्या सरासरीइतका पगार असेल तर एक गुण मिळतो. २०२५साठी ही सरासरी अंदाजे ५०,४९३ युरो धरली आहे, आणि जुलै २०२५ मध्ये ठरलेल्या दराने एका गुणाला महिन्याला ४०.७९ युरो पेन्शन येते. सोयीसाठी त्याचा पगार बरोबर सरासरीइतका धरू. ३८ महिन्यांचे ३.१७ गुण, म्हणजे त्या दराने महिन्याला साधारण १२९ युरो. गुणाचा दर दरवर्षी जुलैत नव्याने ठरतो, त्यामुळे तो ६७चा होईल तेव्हाचा आकडा वेगळा असेल.

भारताच्या बाजूने मात्र ९२ महिने पुरत नाहीत, कारण तिथे १२० लागतात. परत येऊन त्याने आणखी २८ महिने ईपीएसमध्ये काढले, की तीही अट पूर्ण होते.

दुसरा रस्ता परताव्याचा. जर्मनीत ६० महिन्यांपेक्षा कमी हप्ते भरलेला भारतीय नागरिक युरोपीय संघाबाहेर परतला, की २४ महिन्यांनी स्वतःचा हिस्सा परत मागू शकतो. कंपनीचा हिस्सा मिळत नाही, व्याजही नाही. वरच्या उदाहरणात ही रक्कम साधारण १४,८७० युरो येते. १२९ युरोंच्या पेन्शनने तेवढे पैसे हातात यायला साडेनऊ वर्षांहून थोडं जास्त लागेल, म्हणजे वयाच्या सत्त्याहत्तरीपर्यंत. तिशीतल्या माणसाला हातात आलेले पैसे जास्त उपयोगाचे वाटू शकतात, त्यात चूक काही नाही. पण परतावा घेतला की जर्मनीतले ते महिने कायमचे पुसले जातात. उद्या पुन्हा जर्मनीत नोकरी लागली तर मोजणी शून्यापासून, आणि आपल्या पश्चात जोडीदाराला मिळू शकणाऱ्या पेन्शनचा पायाही जातो. पुन्हा युरोपात जायची थोडीही शक्यता असेल तर परतावा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनीतले ६० महिने भरले असतील तर परताव्याचा प्रश्नच उरत नाही, तेव्हा पेन्शनच मिळते.

आता पुण्यातल्या त्या निर्णयाबद्दल. नोकरी सोडताना पीएफ काढायची घाई असते आणि त्याबरोबर फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसेही काढले जातात. ते काढले की ती सेवा संपली, मग जर्मनीला दाखवायला काही राहत नाही. त्याच फॉर्म १०सीमध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. त्यावर तुमची सेवा नोंदलेली राहते. पुण्यातल्या त्या ५४ महिन्यांचे हाती आले असते ते पैसे बघा आणि जर्मनीची आयुष्यभराची पेन्शन बघा, फरक लगेच कळतो.

त्याआधी आणखी एक गोष्ट तपासा: तुमची ईपीएस सेवा मुळात आहे का? १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांच्या वर असलेल्यांना ईपीएसमध्ये घेतलं जात नाही. आयटीतले कितीतरी तरुण यात मोडतात. पासबुक उघडा आणि पेन्शनचा रकाना बघा. दर महिन्याला १,२५० रुपये किंवा त्याच्या आसपास रक्कम दिसली तर ठीक. तिथे शून्यच असेल तर पीएफ कितीही असो, ते महिने जोडले जातील असं गृहीत धरू नका. ईपीएफओकडून लेखी खुलासा घ्या.

कंपनीने पाठवलेल्यांचं गणित वेगळं. तुम्ही भारतीय कंपनीच्या पगारावर राहून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे पीएफ भारतातच चालू असल्याचा दाखला, घेऊन आला असाल तर ४८ महिन्यांपर्यंत, आणि मुदतवाढ मिळाली तर ६० महिन्यांपर्यंत, जर्मनीत पेन्शनचे हप्ते कापले जात नाहीत. पीएफ भारतातच चालू राहतो. तेव्हा हे महिने जर्मनीच्या खात्यात येतच नाहीत. ओळखायची खूण सोपी: जर्मन पगारपत्रकात RV म्हणजे पेन्शन विम्याची कपात आहे का ते पाहा. असेल तर महिना जर्मनीचा. विद्यार्थी म्हणून वेर्कश्टुडंट काम करणाऱ्यांचीही ही कपात होते, म्हणून तेही महिने धरले जातात. बरेच विद्यार्थी ते विसरून जातात.

शेवटी कागद. जर्मनीत कंपनी दरवर्षी सामाजिक विम्याच्या नोंदीचं पत्र देते, ते सगळे जपून ठेवा, आणि परतण्यापूर्वी पेन्शन विमा संस्थेकडून फरझिशेरुंग्सफरलाउफ म्हणजे महिन्यावार नोंदींचा उतारा मागवून एकेक महिना ताडून घ्या. आपल्या नावांचा घोळ इथेच होतो. पीएफमध्ये वडिलांचं नाव मधे, जर्मनीत पासपोर्टप्रमाणे, लग्नानंतर आडनाव बदललेलं, आणि दोन देशांच्या कार्यालयांना ही एकच व्यक्ती आहे हे तीस वर्षांनी कळायचं कसं? जन्मतारीख आणि नाव दोन्हीकडे जुळवून घेणं आज सोपं आहे, कंपनी बंद पडल्यावर नाही. भारतातली नोकरी सोडल्याची तारीखही यूएएनवर चढली आहे ना ते बघा.

पेन्शन आपोआप सुरू होत नाही, अर्ज करावा लागतो. भारतात राहत असाल तर करारामुळे तो ईपीएफओमार्फत करता येतो, आणि एका देशात दिलेला अर्ज दुसऱ्या देशातही धरला जातो. मात्र जर्मन पेन्शनसाठी अट पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज गेला तरच ती पहिल्या महिन्यापासून मिळते. उशीर झाला तर अर्ज केलेल्या महिन्यापासूनच सुरू होते, आणि मधले महिने परत मिळत नाहीत.